पत्र वाचायला फोन लांब धरा, आणि आकडे दोनदा ऐका

"आईला मॅक्युलर डिजनरेशन आहे. बारीक अक्षर आता भिंगानेही लागत नाही. कॅमेऱ्याने वाचून दाखवणारं ॲप टाकून दिलंय, पण पत्र अर्धंच वाचतं आणि औषधाच्या बाटलीवरचं तर तुकडे तुकडे बोलतं. चांगल्या कॅमेऱ्याचा फोन घ्यावा का? आणि जे वाचतं त्यावर कितपत भरवसा ठेवायचा?"

फोन बदलायची घाई करू नका. आधी एक बघा: आई फोन कागदापासून किती अंतरावर धरतात? दृष्टी कमी झालेल्या माणसाचा हात आपोआप वस्तू डोळ्यांजवळ नेतो, कारण जवळ गेलं की अक्षर मोठं होतं. मीही अधू दृष्टीचाच, त्यामुळे ही सवय किती मुरलेली असते ते ठाऊक आहे. फोनच्या बाबतीत मात्र तीच नडते. बऱ्याच फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला साधारण दहा-पंधरा सेंटीमीटरपेक्षा जवळचं स्पष्ट दिसत नाही, काही महागड्या फोनना तर वीसच्या आतलंही नाही. त्यामुळे फोन कागदाला चिकटवला की फोकस सुटतो आणि पानाचा जेमतेम एक तुकडा कॅमेऱ्यात येतो. अर्धंच वाचतं ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते.

ए-फोर कागदासाठी माझं अंतर ३० सेंटीमीटर. नेहमीच्या मुख्य कॅमेऱ्याला तेवढ्या उंचीवरून साधारण ४० बाय ३० सेंटीमीटरचा पट्टा दिसतो आणि कागद असतो २९.७ बाय २१. म्हणजे चारही बाजूंनी चार-पाच सेंटीमीटर मोकळे राहतात. हे अंतर मोजायला पट्टी लागत नाही. कागद टेबलावर सपाट ठेवायचा, दोन्ही कोपरं कागदाच्या दोन बाजूंना टेकवायची आणि हात सरळ वर उभे करून फोन दोन्ही हातांत आडवा, म्हणजे टेबलाला समांतर धरायचा. मोठ्या माणसाच्या हाताने तो आपसूक तेवढ्याच उंचीवर येतो, आणि कोपरं टेकलेली असल्यामुळे हात थरथरत असले तरी फोटो हलत नाही.

मध्य साधताना एक गोम आहे. फोनचा मध्य कागदाच्या मध्यावर आणून उपयोग नाही, कारण कॅमेरा फोनच्या वरच्या टोकाला असतो, मध्यापासून पाच-सहा सेंटीमीटर दूर. फोन मधोमध धरला की कॅमेरा तेवढाच वर सरकतो आणि पत्राची शेवटची ओळ चौकटीबाहेर जाऊ शकते. पत्रात नेमकी तिथेच मुदतीची तारीख किंवा भरायची रक्कम असते! म्हणून फोन आधी कागदावरच ठेवायचा, मागचा लेन्सचा उंचवटा बोटाने चाचपून तो कागदाच्या मध्यावर आणायचा आणि मग फोन सरळ वर उचलायचा. वर जाताना तो तिरका होतो, बहुधा स्वतःच्या दिशेला. वाचनात पहिल्या काही ओळी नीट येऊन पुढच्या बिघडत गेल्या, तर फोन तिरका झालाय असं समजायचं.

कागदाखाली गडद रंगाचं कापड किंवा चटई टाका. पांढऱ्या टेबलावर पांढरा कागद ठेवला तर ॲपला कडा सापडत नाहीत, आणि आईंनाही नाहीत. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये मधली नजर जाते पण कडेची बहुतेक शाबूत राहते, त्यामुळे काळ्यावर पांढरा चौकोन कुठे आहे एवढं त्यांना स्वतःला कळू शकेल. दिवा बाजूला हवा. डोक्यावर असला तर हातांची आणि फोनची सावली थेट अक्षरांवर पडते. गुळगुळीत कागदावर फ्लॅश बंद ठेवायचा, नाहीतर मध्यावर पांढरा डाग पडतो आणि तेवढ्या भागातले शब्द गायब होतात.

या ॲपमध्ये वाचायच्या दोन तऱ्हा असतात. सीइंग एआय घ्या, लुकआउट घ्या, थोड्याफार फरकाने हेच. एक तऱ्हा कॅमेऱ्यासमोर अक्षर आलं की लगेच बोलायला लागते. दुसरी पूर्ण पानाचा फोटो घेऊन मग वरपासून खालपर्यंत वाचते. बरीच ॲप कुठली कड सुटतेय हे बोलूनही सांगतात. पत्र कायम दुसऱ्या तऱ्हेने वाचा. पहिलीने पत्र वाचायला गेलं की हात जरासा हलला तरी वाचन नव्याने सुरू होतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं ॲपच बिघडलंय. पहिली तऱ्हा लिफाफा कोणाच्या नावाचा, डबा कशाचा, दारावरची पाटी काय म्हणते, असल्या कामांची.

बाटलीची अडचण वेगळी आहे. ओळी बाटलीभोवती फिरतात आणि कॅमेऱ्याला एका वेळी फार तर एक तृतीयांश घेर स्वच्छ दिसतो, म्हणून प्रत्येक ओळ मधेच तुटते. इथे लगेच वाचणारी तऱ्हा लावा, फोन टेकवून स्थिर ठेवा आणि बाटली फिरवा, थोडीशी वळवून थांबायचं, ऐकायचं, पुन्हा वळवायचं. अक्षर बारीक असेल तर फोन जवळ नेऊ नका. वीसएक सेंटीमीटरवरच ठेवून झूम दुप्पट करा. खरं सांगायचं तर यापेक्षा सोपा उपाय म्हणजे औषधाचा खोका फेकायचा नाही. तोच मजकूर त्यावर सपाट पृष्ठभागावर छापलेला असतो. गोळ्यांच्या चकाकत्या पाकिटाला बाजूचा उजेड द्या आणि पाकीट थोडं कलतं करून बघा. पण मुदत संपल्याची तारीख कधी शाई न लावता नुसती ठसवलेली असते, कधी सुट्या सुट्या ठिपक्यांनी छापलेली असते. या दोन्हींपुढे चांगला कॅमेराही हार खातो. तिथे वेळ घालवू नका, डोळस माणसाकडून वाचून घ्या आणि खोक्यावर जाड मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

आता भरवशाचं. शब्द चुकला की कानाला खटकतो. 'जेवणानंतर' च्या जागी काहीतरी 'जवणानतर' ऐकू आलं, तर ते काय असणार हे आई स्वतः ओळखतील. आकडा चुकला तर काहीच खटकत नाही. 2.5 मधला बिंदू कॅमेऱ्याला दिसला नाही तर फोन अगदी ठणठणीत आवाजात 'पंचवीस' म्हणतो. १ आणि ९, 3 आणि 8, 1 आणि 7 यांची अदलाबदल अशीच बेमालूम होते. चुकलेला शब्द सावरायला ॲपला आजूबाजूच्या शब्दांचा आधार मिळतो. सुट्या आकड्याला असा आधार नसतो.

समजा रक्ततपासणीचा अहवाल आलाय. पानावर तीन उभे रकाने आहेत: चाचणीचं नाव, आलेला आकडा, सामान्य मर्यादा. पूर्ण पानाचा फोटो घेतला तर ॲप पुष्कळदा रकाना रकाना करून वाचतं. आधी सगळी नावं, मग सगळे आकडे. हिमोग्लोबिन पहिलं होतं की तिसरं हे कोणाच्या लक्षात राहणार? अशा वेळी दोन कोरे गडद कागद घ्यायचे, एक वरच्या भागावर आणि एक खालच्या भागावर ठेवून मधे एकच ओळ उघडी ठेवायची आणि तेवढीच वाचायची. आता 'हिमोग्लोबिन 112' असं ऐकू आलं. पुढे मर्यादा '12 ते 15' ऐकू आली, म्हणजे 112 शक्यच नाही, बिंदू गळालाय, खरा आकडा 11.2 असणार. तरी लगेच धरून चालू नका. कागद अर्धा फिरवून, म्हणजे दिव्याची दिशा बदलून, तीच ओळ पुन्हा वाचायची. दोन्ही वेळा वेगळं आलं तर कुठलंही एक खरं मानायचं नाही.

संशय आला की अक्षरागणिक ऐका. अँड्रॉइडवरच्या टॉकबॅक या स्क्रीनवरचं बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरमध्ये तीन बोटं वर किंवा खाली सरकवून वाचन नियंत्रणात 'अक्षरं' निवडायचं आणि मग एक बोट खाली सरकवत जायचं. आयफोनवरच्या व्हॉइसओव्हरमध्ये दोन बोटांनी चकती फिरवल्यासारखं करून रोटरमध्ये तेच निवडायचं. अशाने बिंदू असेल तर 'पॉइंट' किंवा 'डॉट' असा वेगळा ऐकू येतो. आई स्क्रीन रीडर वापरत नसतील तर ओळखलेला मजकूर स्क्रीनवर काळ्यावर पांढरा, हवा तेवढा मोठा करता येतो का बघा. कडेच्या नजरेने एकेक आकडा टिपता आला तर कानापेक्षा तो पुरावा बरा. औषधाचं प्रमाण मात्र कितीही वेळा वाचून घेतलं तरी फक्त फोनच्या शब्दावर बदलायचं नाही, एवढा नियम घरात करून टाका.

मराठी पत्रं अजिबातच नीट वाचत नसेल तर दोष कुणाचा ते आधी ठरवा. ओळखलेला मजकूर स्क्रीनवर तुम्ही स्वतः बघा. अक्षरं बरोबर आहेत पण आवाज भलतंच बोलतो किंवा मराठी ओळी गाळून फक्त इंग्रजी वाचतो, तर फोनमध्ये मराठी आवाज उतरवलेला नाही किंवा निवडलेला नाही. ते काम सेटिंगमधल्या मजकूर बोलण्याच्या विभागात पाच मिनिटांत होतं. स्क्रीनवरच अगम्य इंग्रजी अक्षरांची रांग दिसत असेल तर ॲप देवनागरी ओळखतच नाहीये, मग ॲपमधली भाषा बदला, नाहीतर ॲपच बदला. आणि देवनागरी आहे पण अनुस्वार, मात्रा गळताहेत, जोडाक्षरं फुटताहेत, तर दोष अंतराचा नाहीतर उजेडाचा. कॅमेऱ्याच्या नजरेतून सगळ्यात आधी निसटतात ते शिरोरेघेवरचे हे बारीक तुकडेच.

नवा फोन कधी? हे सगळं जमवूनही दिवसाउजेडी सपाट कागदावरचं नेहमीच्या आकाराचं अक्षर अंधुक येत असेल, तेव्हा. त्याआधी लेन्सची काच मऊ कापडाने पुसून बघा, वयस्कर मंडळींच्या फोनवर तिथे बोटांचा चांगला थर असतो.

बँकेची आणि दवाखान्याची कागदपत्रं वाचायची असतील तर अजून एक तपासणी करा. फोन फ्लाइट मोडवर टाका, वाय-फायही बंद आहे ना ते पाहा, आणि एखादं साधं पत्र वाचायला लावा. वाचलं, तर अक्षर ओळखायचं काम फोनमध्येच होऊ शकतं. नुसतं गोल फिरत बसलं तर फोटो बाहेर कुठल्या तरी सर्व्हरवर जातोय, आणि मग खातेक्रमांक असलेले कागद त्या ॲपने वाचायचे की नाही हे आईंना विचारून ठरवा.