आरिया, एटना, आगा: क्रॉसवर्डमधले पुन्हा पुन्हा भेटणारे छोटे शब्द

प्रश्न: "हिंदूमधलं कोडं बरीच वर्षं सोडवतोय. आता न्यूयॉर्क टाइम्सचं सुरू केलंय, तर ओरिओ, आरिया, ईरी, एटना हेच शब्द फिरून फिरून येतात. कोडं रचणाऱ्यांकडे दुसरे शब्दच नाहीत का? की हे सगळं पाठ करून बसायचं?"

शब्द भरपूर आहेत, पण त्या चौकटीत बसणारे फार थोडे. हिंदूचं कोडं ब्रिटिश वळणाचं आहे. त्यात शब्दातलं साधारण एक सोडून एक अक्षर आडव्या-उभ्या दोन्ही शब्दांत असतं, उरलेली मोकळी. त्यामुळे रचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते. अमेरिकन जाळीत मोकळं अक्षर चालतच नाही. प्रत्येक पांढरं घर आडव्या शब्दातही हवं आणि उभ्यातही, आणि कोणताही शब्द तीन अक्षरांपेक्षा लहान नको. रोजची जाळी 15 बाय 15 ची, म्हणजे 225 घरं. त्यातली 38 काळी धरली तर 187 पांढरी उरतात. प्रत्येक पांढरं घर दोनदा वापरलं जातं आणि विषयसूत्र असलेल्या कोड्यात शब्द जास्तीत जास्त 78. भागाकार केलात तर सरासरी शब्द पाच अक्षरांच्याही आतला निघतो. लांब, चमकदार शब्द चार-पाचच असतात. बाकी जाळी तीन, चार, पाच अक्षरांच्या शब्दांनी सांधलेली असते.

आता हे सांधे स्वरांचेच का? आडव्या शब्दात लागोपाठ तीन व्यंजनं आली, तर त्यांच्यातून जाणाऱ्या तिन्ही उभ्या शब्दांना ती व्यंजनं गिळावी लागतात. खालच्या ओळीतही व्यंजनंच आली तर उभा शब्द उच्चारताच येणार नाही. एक घर स्वराचं, एक व्यंजनाचं, असं आलटून पालटून असलं की दोन्ही दिशा सुटतात. त्यातही खरी अडचण शब्दाच्या शेवटाची असते. मूक 'ई'वर संपणारे इंग्रजी शब्द हवे तितके आहेत, पण ए, आय, ओ, यू या अक्षरांवर संपणारे अस्सल इंग्रजी शब्द मोजके. एखाद्या लांब शब्दातला आय किंवा ओ नेमका दुसऱ्या शब्दाच्या शेवटी आला, की रचणारा इंग्रजीच्या बाहेर हात घालतो. इटालियन संगीतातून आरिया, हवाईतून लेइ आणि लुआऊ, फ्रेंचमधून एपे ही तलवार आणि एत्वी ही सुया ठेवायची डबी. नकाशावरून ईरी सरोवर, ओहायो, आयोवा, एटना. बिस्किटाच्या दुकानातून ओरिओ, ज्याच्या चार अक्षरांत तीन स्वर आहेत. अशा शब्दांना तिकडे 'क्रॉसवर्डीज' म्हणतात, म्हणजे क्रॉसवर्डची बोली.

आपल्या मराठी शब्दकोड्यात ही अडचण याच रूपात का येत नाही, हे पाहिलं की मुद्दा अधिक लख्ख होतो. आपल्या एका घरात पूर्ण अक्षर बसतं, मात्रेसकट. 'आरिया' मराठीत तीन घरांत बसेल, पण मधल्या 'रि'ला छेदणाऱ्या शब्दातही 'रि'च हवा. 'र' किंवा 'री' चालणार नाही. स्वर घराच्या आतच असल्यामुळे स्वरांची टंचाई नसते, टंचाई असते ती जुळणाऱ्या मात्रांची. म्हणून मराठी रचणारे बिनमात्रेच्या अक्षरांवर टेकतात. नग म्हणजे डोंगर, रव म्हणजे आवाज, शर म्हणजे बाण, खग म्हणजे पक्षी. मराठी कोडी सोडवणाऱ्याला हे शब्द रोजच्या बोलण्यात नसूनही तोंडपाठ असतात. अमेरिकन सोडवणाऱ्याला एटना आणि एपे असतात ते तसेच.

ते माहीत असले की काय घडतं, हे एका कोपऱ्यात पाहू. तीन ओळी, चार स्तंभ. आडवे शब्द तीन, प्रत्येकी चार अक्षरांचे. उभे चार, प्रत्येकी तीन अक्षरांचे.

पहिल्या आडव्याचा संकेत: ऑपेरातलं एकट्याचं गाणं. दुसऱ्याचा नुसता एक शब्द: पाइन. तिसऱ्याचा: सिसिलीतला ज्वालामुखी.

'पाइन' हा संकेत फसवा आहे. झाड म्हणावं तर झाड, आणि क्रियापद धरलं तर झुरणं, आस लागणं. इथेच अडकून बसलात तर कोपरा सुटत नाही. पण पहिला आणि तिसरा शब्द पाहताक्षणी लिहिता येतात. ऑपेरातलं गाणं चार अक्षरांत म्हणजे ए-आर-आय-ए. सिसिलीतला ज्वालामुखी म्हणजे ई-टी-एन-ए. आता चारही उभ्या शब्दांचं पहिलं आणि तिसरं अक्षर हातात आलं, उभा एकही संकेत न वाचता.

तिसरा उभा शब्द आयने सुरू होऊन एनवर संपतो. मध्ये इंग्रजीत बसण्यासारखं फारसं काही नाही: एन घातला तर 'इन', म्हणजे सराई, ओ घातला तर 'आयन'. दुसरा उभा आरने सुरू होऊन टीवर संपतो, तेव्हा मधलं अक्षर स्वरच असणार. म्हणजे 'पाइन'चं उत्तर असं आहे की त्याचं दुसरं अक्षर स्वर आणि तिसरं एन किंवा ओ. झुरण्यासाठी आणखी एक चार अक्षरी शब्द डोक्यात येतो, ए-सी-एच-ई, पण त्याचं दुसरं अक्षर सी. तो तिथेच बाद. उरतो एल-ओ-एन-जी, 'लाँग', क्रियापद म्हणून.

ए | आर | आय | ए
एल | ओ | एन | जी
ई | टी | एन | ए

उभे वाचा: एल, रॉट, इन, आगा. शेवटच्या उभ्याचा संकेत 'ऑटोमन किताब' असा असेल, तर तो स्वतंत्रपणे सुचायला कठीण. आपल्याला मात्र आगाखान पॅलेसमुळे 'आगा' ओळखीचा आहे, आणि इथे तर तो न शोधताच भरला गेला. दोन शब्द माहीत होते म्हणून सात सुटले. 'लाँग'सारखा साधा शब्द त्याच्या फसव्या संकेतामुळे अवघड झाला होता, त्याला दोन्ही बाजूंनी एटना आणि आरियाने धरून आणलं. या छोट्या शब्दांचं काम हेच आहे.

आता पाठ करण्याबद्दल. नुसती शब्दांची यादी घोकून फार उपयोग होत नाही, कारण कोड्यात समोर शब्द नसतो, संकेत असतो. शब्द आणि त्याचे संकेत एकत्र लक्षात ठेवा. मी वहीत एका पानावर शब्द लिहितो आणि तो ज्या ज्या संकेतातून आला ते सगळे त्याखाली. ओबो हे वाद्य कधी 'डबल रीडचं वाद्य' म्हणून येतं, कधी 'वाद्यवृंद ज्याच्यावर सूर जुळवतो ते' म्हणून. 'ईनो' म्हटलं की आपल्याला पोटाचं औषध आठवतं, पण तिथे तो बहुतेक वेळा संगीतकार ब्रायन ईनो असतो. आणि संकेतातलं गाव उत्तराची भाषा सांगत असतं. 'नाइस समर' असा संकेत दिसला तर छान उन्हाळा शोधू नका. इंग्रजीत 'नाइस' आणि फ्रान्समधलं नीस शहर एकाच स्पेलिंगचे, आणि वाक्याचं पहिलं अक्षर मोठं असतंच, त्यामुळे फरक दिसत नाही. उत्तर फ्रेंच उन्हाळा: ई-टी-ई.

जुळ्या शब्दांपाशी मात्र घाई करू नका. चुका बहुतेक इथेच होतात. चार अक्षरी तलवार म्हणजे एपे असेल किंवा फॉइल. समुद्रपक्षी ई-आर-एन-ई असेल किंवा टी-ई-आर-एन. पहिला समुद्रगरुड, दुसरा कुररी, आणि संकेत मोघम असला तर दोन्ही बसतात. 'पूर्वेकडची दाई' हा संकेत तर आपल्या घरातला आहे. ए-वाय-ए-एच म्हणजे आपली आया, आणि ए-एम-ए-एच म्हणजे चीनच्या बाजूची आमा. दोन्ही शब्द पोर्तुगीजांबरोबर आशियात आले, आणि मराठीतली 'आया' त्याच पोर्तुगीज शब्दाची. कोड्यात दोघींमध्ये फक्त दुसऱ्या अक्षराचा फरक. तेव्हा ए, मोकळं घर, ए, एच असं लिहून ठेवा आणि छेदणाऱ्या शब्दाला ठरवू द्या. अमीराचंही तसंच: तो ए-एम-आय-आर होतो, ई-एम-आय-आर होतो, जागा असेल तर मध्ये दोन ई घेऊन पाच अक्षरांचाही होतो. पहिलं अक्षर शाईने लिहू नये.

सगळेच जुने शब्द शिकायची मात्र गरज नाही. युजीन मलेस्का 1977 ते 1993 न्यूयॉर्क टाइम्सचे कोडे-संपादक होते, आणि त्यांच्या काळातली कोडी पुस्तकी, दुर्मीळ शब्दांसाठी ओळखली जात. ई-एस-एन-ई, म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातला गुलाम, हा त्या धाटणीचा शब्द. 1993 मध्ये विल शॉर्ट्झ आले आणि कल रोजच्या वापरातल्या शब्दांकडे झुकला. तुम्ही आजची कोडी सोडवत असाल तर ओरिओ, ईरी, आरिया, एपे, ओबो, एटना, अ‍ॅलो यांच्यापासून सुरुवात करा. एत्वी आणि समुद्रगरुड त्यानंतर. गुलामाचा तो शब्द जुन्या संग्रहांना हात घालाल तेव्हा.

आणि एका ठिकाणी ही सगळी तयारी थिटी पडते. 2008 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या एका कोड्यात मॅसॅच्युसेट्समधलं नॅटिक हे गाव आणि एन. सी. वायथ हे चित्रकार एकमेकांना छेदत होते. दोन्ही विशेषनामं, दोन्ही अनेकांना अनोळखी, आणि समाईक अक्षर तर्काने काढायला काही मार्ग नाही. रेक्स पार्कर या नावाने कोड्यांवर लिहिणाऱ्या मायकल शार्प यांनी अशा छेदाला 'नॅटिक' हेच नाव दिलं, आणि ते रूढ झालं. छोटे शब्दही नॅटिक करू शकतात, दोन अनोळखी नावं एकाच घरात भेटली तर. तिथे दोष तुमचा नसून रचणाऱ्याचा असतो. इंग्रजी नावात त्या जागी कोणतं अक्षर सगळ्यात जास्त शोभेल, ते भरा आणि पुढच्या कोपऱ्याकडे वळा.