ईओडी म्हणजे नक्की किती वाजता?

पीएफए, एफवायआय अशी मेलमधली लघुरूपं आपल्या टीममध्ये खुशाल लिही, तिथे कुणी अडत नाही. जपायचं ते वेळेच्या बाबतीत. ईओडी म्हणजे एंड ऑफ डे, दिवसअखेर. ‘ईओडीपर्यंत पाठवतो’ असं तू पुण्यातून लिहितोस तेव्हा तुझ्या डोक्यात संध्याकाळचे सहा असतात. न्यूयॉर्कचा क्लायंट मात्र त्याचे पाच धरतो, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे अडीच.

आयएसटी लिहिलं की भागलं, असं मलाही वाटायचं. एका जुलैत डब्लिनच्या माणसाकडून ‘पाच आयएसटी’पर्यंत फाइल मागवली आणि आम्ही ताटकळत बसलो. फाइल आली साडेनऊला, आणि तो अगदी वेळेवर होता! तिकडे उन्हाळ्यात आयएसटी म्हणजे आयरिश स्टँडर्ड टाइम. इस्रायलचाही आयएसटी आहे, तो आणखी वेगळा.

तेव्हापासून मी सरळ लिहिते: ‘गुरुवार, 17 जुलै, संध्याकाळी 5 (भारतीय वेळ), म्हणजे तुमचे दुपारी 12:30.’ वाक्य लांबतं, पण ‘म्हणजे कधी?’ विचारणारा मेल येत नाही. तारखेतही महिना अक्षरात लिही; 5/7 अमेरिकेत सात मे होतो.

आणि एचआरला रजेचा मेल टाकताना ‘पीएल’ लिहू नकोस. कुठे ती प्रिव्हिलेज लीव्ह असते, कुठे पॅटर्निटी.