लग्नाआधी सातबारा काढून बोला

मुलगा देवगडचा हिंदू, मुलगी मल्याळी ख्रिश्चन, लग्न विशेष विवाह कायद्याने (1954). मुलांशी कोण कुठल्या भाषेत बोलणार, देव्हारा की चर्च, हे तुम्ही बोललाच असाल. आता विचारा: मुलाच्या मागे कलमांची बाग कोणाची?

या लग्नाने मुलगा एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असं कायदा मानतो. त्याचा हिस्सा बुडत नाही, पण वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालतो. मृत्युपत्र नसेल आणि मागे बायको, दोन मुलं, आई असतील, तर बायकोला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलांना. आईला काहीच नाही! हिंदू वारसा कायद्यात तिला स्वकष्टार्जितात बरोबरीचा, म्हणजे चौथा हिस्सा मिळाला असता. घरात हे उशिरा कळतं आणि दोष सुनेवर येतो.

म्हणून आईसाठी काय ठेवायचं ते आधी ठरवा आणि मृत्युपत्र लग्नानंतर करा. मुलीने आधी केलेलं असेल तर तेही नव्याने. ख्रिश्चन व्यक्तीचं जुनं मृत्युपत्र लग्नाने रद्द होतं. सासूला नवं मृत्युपत्र मराठीत वाचून दाखवा, माहेरी मल्याळममध्ये.