बंद केलेल्या क्रेडिट कार्डवर रिफंड टाकला असं कंपनी म्हणते. आता ते पैसे कुठे असतील आणि मला परत कसे मिळतील?

बहुतेक करून तुमचे पैसे बँकेत पडलेत. ज्या बँकेचं ते कार्ड होतं, तिच्याच पोटात. फक्त तुम्हाला दिसत नाहीत, कारण कार्ड बंद झाल्यावर ॲपमधून ते गायब होतं आणि स्टेटमेंटही येणं थांबतं.

हे इतकं ठणकावून सांगतोय कारण रद्द केलेल्या विमान तिकिटांच्या अशाच रिफंडवरून आमच्याकडे घरात बराच काळ वाद चालला होता. माझे साडू बँकेतून निवृत्त झालेत. इंदूरच्या मराठी घरांत एखादा बँकवाला नातेवाईक असतोच, आणि पैशांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा असतो. साडूभाऊंचं म्हणणं असं की बंद खात्यात पैसा जमा होऊच शकत नाही, तो आल्या पावली परततो, तेव्हा विमान कंपनीच्या मागे लाग, बँकेत जाऊन काही उपयोग नाही. बचत खात्यापुरतं त्यांचं बरोबर आहे. बचत खातं बंद असेल तर आलेली रक्कम सहसा परत फिरते. पण त्यांची सगळी नोकरी डिपॉझिटच्या काउंटरवर गेली, कार्डांशी त्यांचा कधी संबंध आला नाही.

क्रेडिट कार्डचं असं असतं की नंबर वेगळा आणि त्यामागचं कार्ड खातं वेगळं. रिफंड निघतो तो दुकानदाराच्या बँकेतून, व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपेच्या जाळ्यातून जातो, आणि नंबराच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून तुमच्या बँकेपर्यंत पोचतो. कार्ड चालू आहे की बंद, हे त्या जाळ्याला बघायचंच नसतं. बँक आपल्याकडे तो नंबर कुठल्या कार्ड खात्याचा ते शोधते आणि रक्कम तिथे जमा करते. कार्ड हरवून किंवा मुदत संपून नवं आलं असेल तर जुना नंबरही त्याच कार्ड खात्याला जोडलेला राहतो, म्हणून रिफंड नव्या कार्डच्या स्टेटमेंटमध्ये दिसतो, तिथे काही करावं लागत नाही. खातंच बंद असेल तर त्या बंद खात्यावर तुमची जमा बाकी उभी राहते. दुसऱ्या शब्दांत, बँक तुमचं देणं लागते. आणि कोणी मागितल्याशिवाय बरेचदा ती हलत नाही.

आमचं प्रकरण विमान तिकिटांचं. बंगलोरला भाचीकडे जायचं म्हणून चार तिकिटं काढली होती, कार्यक्रम रद्द झाला, तिकिटं रद्द केली. कापाकापी होऊन २७,२४० रुपये परत येणार होते. रिफंड रेंगाळला. मधल्या काळात मी ते कार्ड बंद केलं, कारण ज्या फुकट सोयींसाठी घेतलं होतं त्या बँकेने काढून टाकल्या होत्या. तेव्हा बाकी शून्य होती, बंद झाल्याचा ईमेलही आला. तो ईमेल जपून ठेवला होता, पुढे त्याचाच उपयोग झाला.

नंतर विमान कंपनीचा निरोप आला की रिफंड झाला. कुठे झाला? 'मूळ पेमेंट ज्यातून केलं त्यात.' नव्या कार्डवर किंवा बँक खात्यात द्या म्हटलं, तर नाही म्हणाले. साडूभाऊंनी याला लबाडी म्हटलं. मला तसं वाटत नाही. दुकानदारासाठी ऑनलाइन पैसे गोळा करणाऱ्या मधल्या कंपन्यांसाठी, म्हणजे पेमेंट ॲग्रीगेटरसाठी, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की रिफंड मूळ मार्गानेच जायचा, ग्राहकाने दुसरा मार्ग स्पष्टपणे मान्य केला असेल तरच वेगळा. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदारांना तुमचा पूर्ण कार्ड नंबर साठवताच येत नाही. त्यामुळे कॉल सेंटरच्या मुलीवर ओरडून काही निघत नाही.

तिच्याकडून निघतो तो एआरएन. रिफंड पाठवला की त्या व्यवहाराला २३ आकडी एक नंबर पडतो. रुपे कार्ड असेल तर १२ आकडी आरआरएन मागा. 'रिफंड झालाय' या वाक्याला काही किंमत नाही, एआरएन, रिफंडची तारीख आणि रक्कम या तिन्ही गोष्टी ईमेलवर लिहून घ्या. एआरएन देता येत नसेल तर रिफंड निघालेलाच नाही असं धरा आणि तिथेच बसून राहा. आमच्या बाबतीत आधी नुसता रेफरन्स नंबर पाठवला, तो त्यांच्याच तक्रारीचा होता. तो बँकेला दिला की बँक म्हणते सापडत नाही, आणि साडूभाऊ म्हणतात, "बघ, मी सांगत होतो!"

एआरएन मिळाल्यावर मी रामबागजवळच्या शाखेत गेलो. तिथल्या साहेबांनी संगणकात बघून सांगितलं, "कार्ड तो बंद है भाईसाहब, पैसा आया ही नहीं होगा." त्यांनी जे बघितलं ते बचत खात्यांचं होतं. क्रेडिट कार्डची यंत्रणा वेगळी, शाखेला बहुधा ती दिसतच नाही. फोनवर तर मशीनच कार्ड नंबर मागतं आणि बंद नंबर टाकला की 'अवैध' म्हणून फोन तोडतं. म्हणून शाखा आणि फोन दोन्ही सोडून द्या. बँकेच्या वेबसाइटवर क्रेडिट कार्ड तक्रारींचा ईमेल आणि त्यावरच्या नोडल अधिकाऱ्याचा पत्ता असतो, तिथे लिहा.

लिहायचं थोडकं आणि नेमकं. जुन्या कार्डचे शेवटचे चार आकडे, कार्ड बंद झाल्याची तारीख, एआरएन, रक्कम. 'रिफंड शोधा' असं मोघम मागायचं नाही, 'या बंद खात्यावरची जमा बाकी माझ्या अमुक बँक खात्यात एनईएफटीने पाठवा' असं मागायचं, सोबत रद्द केलेला चेक जोडायचा. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांचा उल्लेख करा. कार्ड खातं बंद झाल्यावर उरलेली जमा बाकी ग्राहकाच्या बँक खात्यात वळती करायची आणि खात्याचा तपशील नसेल तर तो बँकेनेच मिळवायचा, असं त्यात लिहिलंय. कार्ड चालू असतानाही जमा रक्कम बँक खात्यात मागितली तर तीन कामकाजाच्या दिवसांत द्यायची, हेही त्यातच आहे. हा उल्लेख केला की उत्तराची भाषा बदलते. माझ्या बाबतीत तरी बदलली.

उत्तर आलं की हो, त्या खात्यावर जमा आहे. किती? २६,६५० रुपये. म्हणजे ५९० कमी. हा आकडा पाहिल्यावर मला लगेच उमगलं: ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, ९० रुपये. कार्ड बंद झाल्याच्या पुढच्या महिन्यात शुल्काची तारीख येत होती, यंत्राने बंद खात्यावर ते लावलं, आणि रिफंड आल्याबरोबर त्यातून वळतं करून घेतलं. तोवर शुल्क लावलंय हेच मला कळलं नव्हतं, कारण स्टेटमेंट येत नव्हतं. तेव्हा रक्कम जमा झाली म्हणून खूश होऊ नका, एआरएनवरची रक्कम आणि मिळणारी रक्कम जुळवून बघा. फरक असेल तर कार्ड बंद केल्यानंतरची स्टेटमेंटं मागा. बंद झाल्याचा तो ईमेल पाठवला, ५९० उलटे केले गेले, आणि पूर्ण २७,२४० खात्यात आले. मात्र बंद करताना तुमची खरोखर काही थकबाकी राहिली असेल तर ती आधी कापली जाईल, आणि त्यात चूक काही नाही.

साडूभाऊंचा दुसरा सल्ला होता की बँकेत चार्जबॅक टाक, म्हणजे बँकेमार्फत व्यवहारावर वाद घालून दुकानदाराकडून पैसे परत माग. हा तर उलट नुकसानीचा. 'रिफंड मिळाला नाही' म्हणून वाद घातला की दुकानदार तोच एआरएन पुरावा म्हणून दाखवतो, वाद तुमच्या विरोधात बंद होतो, आणि पैसे जिथे होते तिथेच राहतात. चार्जबॅक फक्त तेव्हा, जेव्हा रिफंड कबूल करूनही तो एआरएन देत नाही.

आता मघाशी राहिलेल्या गोष्टी. सगळ्याच बँका बंद खात्यावर जमा करून घेत नाहीत, काही ठिकाणी रिफंड नाकारला जाऊन दुकानदाराच्या बँकेकडे परत जातो. म्हणजे साडूभाऊ अधूनमधून बरोबर ठरू शकतात. ओळखायचं असं की एआरएन देऊनही तुमची बँक 'आमच्याकडे नोंद नाही' असं लेखी देते. ते लेखी उत्तर दुकानदाराला पाठवा आणि त्यांच्या बँकेकडे परत आलेली रक्कम तपासायला सांगा, त्यानंतर बँक खात्यात घ्यायला हरकत नाही. ते उत्तर नसताना मात्र कूपन किंवा वॉलेटमध्ये घेऊ नका. दुसरं, मूळ रक्कम तुमच्या कुठल्याच स्टेटमेंटमध्ये आली नसेल, व्यवहार नुसता अडकून सुटला असेल, तर रिफंडही नाही आणि मागायलाही काही नाही. आणि कार्ड डेबिटचं असेल तर हे सगळं विसरा. खातं चालू असेल तर पैसे थेट खात्यात येतात, पासबुकात रक्कम शोधा, नाव शोधू नका, कारण तिथे दुकानाऐवजी पेमेंट गेटवेचं नाव असू शकतं. खातंच बंद असेल तर तो भाग शाखेचाच. जुना खाते क्रमांक, ओळखपत्र आणि नव्या खात्याचा चेक घेऊन अर्ज द्यायचा. तिथे साडूभाऊंना सोबत न्यायला माझी ना नाही.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा टोलवाटोलवी केली तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, काही खर्च नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, म्हणून वरचे सगळे ईमेल एकाच धाग्यात ठेवा.