इंग्रजी करारातील ‘टर्मिनेशन’ आणि ‘लायबिलिटी’ रशियनमध्ये

प्रश्न: बेळगावच्या आमच्या फाउंड्रीच्या करारात ‘३० दिवसांच्या लेखी नोटिशीने टर्मिनेट’ आणि ‘इनडायरेक्ट लॉसची लायबिलिटी नाही’ असे आहे. रशियनमध्ये काय लिहावे?

उत्तर: पहिल्या कलमात टर्मिनेशनसाठी नुसते ‘रस्तर्झेनिये’ लिहू नये. रशियन नागरी संहितेच्या कलम ४५० नुसार ते मुख्यत्वे उभयपक्षी संमतीने किंवा न्यायालयामार्फत होते, त्यामुळे खरेदीदार पुढे ‘न्यायालयात जा’ असे म्हणू शकतो. आपल्याला हवा आहे तो ‘अद्नस्तारोन्नी अत्काझ अत दगवोरा’, म्हणजे एका पक्षाने करारातून माघार घेणे. त्याची तरतूद ४५०.१ मध्ये आहे. तेथे करारात वेगळे ठरलेले नसल्यास नोटीस पोहोचताच करार संपतो. म्हणून ‘नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांनी करार संपेल’ हे वाक्य पूर्ण लिहावे. माझ्या मते सर्वाधिक चुका इथेच होतात.

लायबिलिटीला ‘अत्वेत्स्त्वेन्नस्त’ योग्य आहे. मात्र ‘इनडायरेक्ट लॉस’चे शब्दशः भाषांतर ‘कोस्वेन्निये उबीत्की’ असे केले, तरी संहितेत त्याची व्याख्या नाही. कलम १५ प्रत्यक्ष नुकसान आणि बुडालेला नफा एवढेच ओळखते. वगळायचा असेल तो बुडालेला नफा, तर ‘उपुश्शेन्नया वीगदा’ हेच नाव घालावे. कराराच्या हेतुपुरस्सर केलेल्या भंगाची जबाबदारी आधीच वगळलेली असल्यास कलम ४०१ नुसार ती तरतूद निरर्थक ठरते.