चालत्या गाडीतला दोन पात्रांचा संवाद कमी माणसांत, कमी सामानात सुरक्षितपणे कसा शूट करावा?

"आम्ही चौघे मिळून शॉर्टफिल्म करतोय. रात्रीचा सीन आहे, एक जण गाडी चालवतो, शेजारी त्याची बहीण, सहा मिनिटांचं बोलणं. दोन कॅमेरे, एक सक्शन माऊंट, दोन-तीन छोटे एलईडी एवढंच आहे. कसं करावं?"

उत्तर

संवाद म्हणणाऱ्या नटाला गाडी चालवू देऊ नका. सहा मिनिटांतली निदान पाच मिनिटं उभ्या गाडीत शूट करा. रात्रीचा सीन आहे म्हणजे अर्धं काम अंधारच करून देतो.

हे मी इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. एका शॉर्टफिल्मला मी कॅमेऱ्यावर होतो. दिग्दर्शक माझा जुना मित्र. त्याचं म्हणणं, खरा रस्ता आणि खरा वेग असल्याशिवाय चेहऱ्यावर खरा ताण येत नाही. रस्ता वाहता होता, नट चालवत होता आणि मी मागच्या सीटवर होतो. सीनमध्ये बहीण रडायला लागते. ती खरंच सुंदर रडली आणि नटाने, कोणताही चांगला नट करील तेच केलं. मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि नजर तिथेच ठेवली. ताशी ४५ किलोमीटरने गाडी दोन सेकंदांत २५ मीटर जाते. मला चाकाखाली खडी वाजलेली ऐकू आली, मी ओरडलो, त्याने गाडी रस्त्यावर परत आणली. कोणाला काही झालं नाही. दिग्दर्शकाचं पहिलं वाक्य होतं, "टेक भारी होता, अजून एक घेऊ." मी कॅमेऱ्याची बॅटरी काढून खिशात घातली.

त्यावरून झालेलं भांडण आजही मिटलेलं नाही. पण नट गाडी नीट चालवत नव्हता, असं मी कधीच म्हटलं नाही. चांगला अभिनय म्हणजे समोरच्याकडे पूर्ण लक्ष आणि चांगलं ड्रायव्हिंग म्हणजे रस्त्याकडे पूर्ण लक्ष. एकाच माणसाकडे एकाच वेळी दोन्ही मागायचं, हा दिग्दर्शनाचा दोष आहे.

मग त्याच रात्री आम्ही एका मोकळ्या, अंधाऱ्या मैदानात गाडी उभी केली आणि अख्खा सीन तिथे काढला. तो कसा काढला ते सांगतो, कारण तुमचा सीन जवळपास तोच आहे.

इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन फक्त इतकं चालू की डॅशबोर्डचे दिवे लागतील आणि स्टिअरिंगचं लॉक सुटेल. (बॅटरी उतरते, म्हणून दोन टेकच्या मध्ये बंद करा. बंदिस्त गॅरेजमध्ये करणार असाल तर इंजिन मुळीच चालू करू नका, तो धूर जीव घेतो.) कॅमेरा पुढे स्टँडवर, काचेतून आत बघणारा, ५० मिलिमीटरची लेन्स, ॲपर्चर जितकं उघडेल तितकं. कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा आणि सगळ्यांनी काळे कपडे घाला, नाहीतर काचेत तुम्हीच दिसाल. पोलरायझर रात्री नको, तो उजेड खातो.

गाडी धावतेय हे प्रेक्षकाला पटतं ते मुख्यतः उजेडामुळे. रस्त्यावरचे दिवे डोक्यावरून पुढून मागे जातात. म्हणून एकाने काठीला एलईडी बांधून तो काचेच्या वरून सुरू करायचा आणि टपावरून मागे न्यायचा, मग झाकून परत पुढे आणायचा. दिशा चुकली तर आरशाची आणि काचेच्या कडेच्या खांबाची सावली चेहऱ्यावरून उलटी सरकते आणि गाडी रिव्हर्समध्ये असल्यासारखी वाटते. लयही हवी. रस्त्यावरचे दिव्यांचे खांब ३० मीटरवर आहेत आणि वेग ४० आहे असं धरलं तर दिवा साधारण पावणेतीन सेकंदांनी येतो. मनात मोजत राहा. समोरून येणाऱ्या गाडीचा उजेड मात्र बेलय हवा, कधी दोन लागोपाठ, कधी बराच वेळ एकही नाही. तो चालकाच्या बाजूने, खालून यायला हवा. मागच्या काचेत, लांब अंतरावर दोन छोटे दिवे शेजारी शेजारी धरून कोणीतरी हळूहळू डावीउजवीकडे सरकलं, की ती मागून येणारी गाडी होते. फोकस चेहऱ्यावर असल्याने ते दोन धूसर ठिपकेच दिसतात.

गाडी हलवण्याचा उत्साह आवरा. गुळगुळीत रस्त्यावर गाडी फारशी हलत नाही. एकाने मागच्या बंपरवर हाताने अधूनमधून, बेलय दाबायचं, बस्स. चाकापाशी बसलेल्या नटाला सांगा की स्टिअरिंग सतत डावीउजवीकडे फिरवू नकोस. त्याची नजर टिकायला गाडीपुढे लांबवर एक खूण ठेवा आणि बहिणीकडे तो अर्ध्या सेकंदाच्या वर बघणार नाही हे पाहा. आमच्या नटाने हे पाळलं आणि बघावंसं वाटूनही न बघण्यात जो ताण दिसला, तो चालत्या गाडीतल्या टेकमध्ये नव्हता. मित्राला मी हेच सांगत आलोय.

आवाज तर उभ्या गाडीत फारच सोपा. इंजिन नाही, वारा नाही, लॅपल माइकवर शब्द स्वच्छ येतात. नंतर एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने मागे बसून काचा बंद ठेवून आतला आवाज पाच-सहा मिनिटं रेकॉर्ड करायचा आणि तोच संवादाखाली घालायचा. हा आवाज नसला तर उजेडाचं सगळं काम वाया जातं.

एक शॉट या पद्धतीने जमत नाही: खिडकीतून दिसणारा बाजूचा चेहरा. तिथे पार्श्वभूमी मोठी असते आणि ती सरकलीच पाहिजे. बहिणीचा तो शॉट हवाच असेल तर खऱ्या रस्त्यावर घ्या, पण चाकावर तुमच्यातला चौथा माणूस, ज्याला एकही वाक्य नाही आणि जो वॉकीटॉकीही हातात धरणार नाही. कॅमेरावाला त्याच्या मागे, बेल्ट लावून. भावाची वाक्यं नट मागच्या सीटवरूनच म्हणेल, बहीण बघेल चालकाकडे. फोकस, क्लॅप, बॅटरी, कार्ड हे सगळं गाडी उभी असताना. वेग २५-३० पुरतो, खिडकीतून तो जास्तच वाटतो.

सक्शन माऊंट डॅशबोर्डवर अजिबात नको. एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते आणि तिच्या वाटेतला कॅमेरा थेट चेहऱ्यावर येतो. बॉनेटवर लावायचा तर स्वच्छ पुसलेल्या पत्र्यावर, सांध्यावर नाही. वेगळ्या पट्ट्याने गाडीलाही बांधा. पंपाच्या दांड्यावरची लाल रेघ प्रत्येक टेकआधी बघा. ती दिसायला लागली म्हणजे हवा शिरतेय. वाहत्या रस्त्यावर मी तरी तो वापरणार नाही, एक तर तो चालकाची नजर अडवतो आणि सुटला तर मागच्या माणसाचं काय?

परवानगीचं राहिलंच. जिथे शूट कराल तिथला नियम आधी विचारा, मैदानासाठीसुद्धा, कारण रात्री दिवे हलवणारी माणसं बघून लोक पोलिसांना बोलावतात.

आणि हे सगळं रात्रीसाठी आहे. सीन दिवसाचा केलात तर उभी गाडी लगेच पकडली जाते. मग पटकथाच बदला: दोघं मागच्या सीटवर, पुढे खरा चालक, आणि पुढच्या मोकळ्या सीटवरून बेल्ट लावून, फक्त कमरेतून वळून घेतलेला कॅमेरा.