4 वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा सीटी स्कॅन: किती रेडिएशन बसलं, हे हॉस्पिटलला कसं विचारायचं?

प्रश्न: माझा मुलगा 4 वर्षांचा आहे. जिन्यावरून पडला, दोन उलट्या झाल्या म्हणून डोक्याचा सीटी केला. रिपोर्ट नॉर्मल आहे. पण नात्यातले एक डॉक्टर म्हणाले, "शंभरावर एक्स-रे काढल्याएवढं रेडिएशन बसलं." तेव्हापासून झोप नाही. सीडीत आकड्यांचं एक पान आहे, ते खाली देते. हॉस्पिटलला पत्र लिहायचंय. काय विचारू, आणि या आकड्यांचा अर्थ काय?

```
Type      CTDIvol (mGy)   DLP (mGy-cm)   Phantom
Scout     -               -              -
Helical   28.60           612.00         Head 16
```

उत्तर:

निम्मं उत्तर तुमच्या हातातच आहे. बऱ्याच पालकांना हे पान मिळत नाही, कारण फिल्मवर ते छापलं जात नाही आणि सीडीत शेवटी कुठेतरी वेगळी सिरीज म्हणून पडून असतं. तुम्ही ते शोधलंत, त्यामुळे पत्र नेमकं लिहिता येईल.

आधी पहिला आकडा, CTDIvol. मशीनने किरण किती तीव्रतेने सोडले, ते हा सांगतो. पण हे माप तुमच्या मुलाच्या डोक्यात घेतलेलं नाही. 16 सेंटिमीटर व्यासाच्या अॅक्रिलिकच्या ठोकळ्यात या सेटिंगवर किती डोस बसला असता, तो हा आकडा आहे. शेवटच्या रकान्यातलं "Head 16" म्हणजे तो ठोकळा. लहान मुलाचं डोकं साधारण त्याच मापाचं असतं, म्हणून डोक्याच्या स्कॅनमध्ये हा आकडा मेंदूला बसलेल्या डोसच्या बराच जवळ जातो: इथे साधारण 28-30 मिलिग्रे. छाती-पोटाच्या स्कॅनला मात्र हा रकाना नीट बघावा लागतो. तिथे "Body 32" लिहिलेलं असेल, तर तो मोठ्या माणसाच्या धडाएवढा ठोकळा असतो, आणि लहान मुलाच्या बारीक अंगाला प्रत्यक्षात बसलेला डोस छापलेल्या आकड्याच्या दुपटीच्या आसपास जाऊ शकतो.

28.6 हा आकडा चांगला आहे. युरोपात 2018 साली मुलांच्या सीटीसाठी संदर्भपातळ्या ठरवल्या गेल्या. 1 ते 6 वर्षांच्या मुलांच्या डोक्यासाठी त्यात CTDIvol 40 आणि DLP 505 दिलं आहे. तुमचा आकडा 40 च्या बराच खाली आहे. म्हणजे टेक्निशियनने मोठ्या माणसाचं सेटिंग तसंच दाबून दिलेलं नाही. मुलांच्या सीटीत जास्त डोस बसण्याचं एक नेहमीचं कारण तेच असतं, आणि ते इथे दिसत नाही.

आता दुसरा आकडा. DLP म्हणजे तीव्रता गुणिले स्कॅन केलेली लांबी. तेव्हा भागाकार करून पाहा: 612 भागिले 28.6, म्हणजे 21.4 सेंटिमीटर. इथे मी थांबलो. 4 वर्षांच्या मुलाची टाळू ते कवटीच्या तळाचं भोक, जिथून मज्जारज्जू खाली उतरतो, एवढं अंतर साधारण 15 सेंटिमीटरच्या आसपास भरतं. अशा फिरत्या स्कॅनमध्ये मशीन सुरुवातीला आणि शेवटी थोडं जास्त फिरतं, त्याचे दोन-तीन सेंटिमीटर धरा. तरी तीनेक सेंटिमीटर उरतात. DLP 505 च्या वर गेलं ते यामुळेच: तीव्रता बरोबर आहे, लांबी जास्त आहे.

याची खात्री तुम्ही घरी करू शकता. सीडी उघडा आणि डोक्याच्या चित्रांमध्ये पायाकडच्या टोकापर्यंत जा. सगळ्यात खालच्या चित्रांत दातांची कमान, जबड्याचं हाड किंवा मानेचे मणके दिसत असतील, तर स्कॅन मेंदूच्या खाली गेलेला आहे. यामागे दोन कारणं असू शकतात. एक, पडण्याचा प्रकार बघून डॉक्टरांनी मानेचा वरचा भागही मागितला असेल, आणि ते योग्यच आहे. दुसरं, सुरुवातीच्या साध्या चित्रावर, म्हणजे स्काऊटवर, टेक्निशियन माउसने चौकट आखतो. मूल वळवळत असेल तर "काही राहायला नको" म्हणून ती चौकट खाली ओढली जाते. थायरॉईड मानेत खालच्या बाजूला असते आणि मुलांमध्ये रेडिएशनला संवेदनशील असते, म्हणून हे विचारण्यासारखं आहे. आरोप म्हणून नका विचारू, विचारा मात्र जरूर.

आता "शंभरावर एक्स-रे". DLP ला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणलं की मिलिसिव्हर्टमध्ये अंदाज मिळतो. डोक्यासाठी 5 वर्षांच्या मुलाचा गुणक 0.0040 आहे, 1 वर्षाच्या बाळाचा 0.0067 आणि मोठ्या माणसाचा 0.0021. लहान शरीरात डोक्याचा वाटा मोठा आणि बाकीचे अवयव डोक्याच्या जवळ, म्हणून मूल जितकं लहान तितका गुणक मोठा. तुमच्या मुलासाठी 5 वर्षांचा घेऊ: 612 × 0.0040, म्हणजे सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट. मान बरीच आली असेल तर डोकं-मान मिळून 0.0057 हा गुणक लागतो आणि उत्तर 3.5 येतं. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये कुठेतरी धरा.

जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून प्रत्येकाला मिळणारं नैसर्गिक रेडिएशन जगभराच्या सरासरीने वर्षाला 2.4 मिलिसिव्हर्ट असतं. म्हणजे हा स्कॅन सुमारे एक ते दीड वर्षाच्या नैसर्गिक रेडिएशनएवढा झाला. छातीचा एक एक्स-रे फक्त 0.02 च्या आसपास असतो, त्यामुळे तुमच्या नातेवाइकांचं गणित चुकीचं नाही. पण ती तुलना सीटीबद्दल फारसं काही सांगत नाही. एक्स-रे किती किरकोळ असतो, एवढंच तिच्यातून कळतं.

एक गोंधळ इथेच काढून टाकू. 28 मिलिग्रे आणि 2.4 मिलिसिव्हर्ट हे एकाच स्कॅनचे आकडे आहेत. पहिला मेंदूला बसलेला डोस, दुसरा तोच डोस सगळ्या शरीराच्या हिशेबात वाटून काढलेला. 28 ची तुलना वर्षाच्या 2.4 शी केली की "बारा वर्षांचं रेडिएशन" असा निष्कर्ष निघतो आणि माणूस घाबरतो. ती तुलना चूक आहे. शिवाय मिलिसिव्हर्टचा आकडा सरासरी शरीरासाठी असतो. त्यावरून तुमच्याच मुलाचं भविष्य काढता येत नाही.

धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, कारण तो शून्य नाही. ब्रिटनमधला 2012 चा मोठा अभ्यास सांगतो की दहा वर्षांखालच्या 10,000 मुलांच्या डोक्याचा सीटी केला, तर पुढच्या दहा वर्षांत ल्युकेमियाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जास्तीचा रुग्ण आढळतो. 2023 मध्ये युरोपातल्या अनेक देशांच्या एकत्र अभ्यासानेही जवळपास तेच सांगितलं: डोक्याच्या एका सीटीनंतर 5 ते 15 वर्षांच्या काळात 10,000 मुलांमागे मेंदूच्या कर्करोगाचा एक जास्तीचा रुग्ण. पूर्ण आयुष्याचा हिशेब यापेक्षा मोठा येतो, तरी 10,000 मध्ये मोजक्याच मुलांपर्यंत राहतो. उरलेल्यांना या स्कॅनमुळे काहीही होत नाही.

दुसऱ्या पारड्यात काय होतं तेही बघा. अमेरिकेतल्या 42,000 हून अधिक मुलांवरून बनवलेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या नियमात, 2 वर्षांवरील मुलांसाठी उलटी, बेशुद्धी, शुद्धीत किंवा वागण्यात बदल, तीव्र डोकेदुखी, कवटीच्या तळाच्या फ्रॅक्चरची खूण आणि दीड मीटरहून उंचावरून पडण्यासारखा मोठा मार या गोष्टी बघतात. यातलं काहीच नसेल तर गंभीर इजेची शक्यता 0.05 टक्क्यांहूनही कमी, आणि सीटी लागत नाही. नुसती उलटी असेल तर काही तास नजरेखाली ठेवणं हाही मार्ग असतो. जिन्याची उंची किती होती आणि मूल तेव्हा कसं होतं यावर निर्णय ठरतो. म्हणून पत्रात हाही एक प्रश्न असू द्या.

पत्र रेडिओलॉजी विभागप्रमुखांच्या नावे लिहा, प्रत हॉस्पिटलच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना. सीटी मशीन चालवायला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना लागतो आणि हा अधिकारी नेमावा लागतो, त्यामुळे ते पद तिथे असायलाच हवं. मजकूर साधारण असा:

> "माझ्या मुलाचा (वय 4 वर्षं, वजन … किलो) दि. … रोजी डोक्याचा सीटी स्कॅन झाला. डोसच्या पानावर CTDIvol 28.60 आणि DLP 612 असे आकडे आहेत. त्यावरून स्कॅनची लांबी सुमारे 21 सें.मी. येते. कृपया कळवावे: स्कॅन कुठून कुठपर्यंत केला, आणि मान मुद्दाम घेतली होती का? मुलांसाठीचा प्रोटोकॉल वापरला का, तो कोणत्या वयोगटाचा? स्कॅन एकदाच झाला की हालचालीमुळे पुन्हा घ्यावा लागला? निरीक्षणाखाली न ठेवता सीटी करण्याचा निर्णय कोणत्या लक्षणांवरून झाला? डोसची नोंद त्याच्या केसपेपरमध्ये करून मला प्रत द्यावी."

केसपेपरची प्रत मागणं हा तुमचा हक्क आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि त्या 3 वर्षं जपून ठेवाव्या लागतात. पत्रावर पोच घ्या.

उत्तर चांगलं असेल तर ते दोन-तीन ओळींतही पुरेसं असतं: "आपत्कालीन डॉक्टरांनी मानेचे वरचे मणके मागितले होते" किंवा "चौकट खाली गेली, टेक्निशियनला दाखवलं आहे." दुसरं उत्तर आलं तर वाईट वाटून घेऊ नका, तशी कबुली देणारा विभाग पुढच्या मुलाच्या वेळी चौकट नीट आखतो. "सगळं मर्यादेत आहे" एवढंच आलं तर पुन्हा लिहा. रुग्णाच्या सीटीला कायद्याने घालून दिलेली मर्यादा नसते, आणि युरोपातले ते आकडेही मर्यादा म्हणून ठरवलेले नाहीत. विभागाने स्वतःची सेटिंग्ज पडताळावीत, यासाठी ते असतात.

घरी करण्यासारखं थोडंच आहे. सीटीचे किरण अंगात साठून राहत नाहीत, मशीन बंद होताच संपतात. त्यामुळे आयोडीनच्या गोळ्या, "रेडिएशन उतरवणारे" काढे किंवा रक्ताच्या तपासण्या यांचा काही उपयोग नाही. मुलाला जवळ घ्यायलाही हरकत नाही. ती सीडी मात्र जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना जुनी चित्रं हातात नसली की तोच स्कॅन पुन्हा सांगितला जाण्याची शक्यता वाढते. लसीकरणाच्या कार्डाच्या मागे तारीख, "डोक्याचा सीटी, DLP 612" आणि हॉस्पिटलचं नाव लिहून ठेवा.